घरच्यांसाठी एक साधा दिवस

परदेशी शिकायला गेलेल्या मुलीने घरच्यांसाठी आपल्या दिवसाचा व्हिडिओ करायचे ठरवले, की पहिला मोह होतो तो शहर दाखवण्याचा. उंच इमारती, नदीवरचा पूल, गजबजलेला चौक हे सारे आईबाबांनी मोबाइलवर आधीच पाहिलेले असते, तेही अधिक चांगल्या कॅमेऱ्यातून. त्यांना कुठेच न सापडणारे प्रश्न निराळे असतात : दार ओढून घेतल्यावर कुलूप नीट लागते का, वर्गापर्यंत किती चालावे लागते, रात्री परतताना वाटेवर दिवे असतात का. अशा व्हिडिओची संहिता या प्रश्नांना धरूनच लिहावी, असे मला वाटते.

लिहिण्याची रीत सोपी आहे. कागदाच्या मधोमध उभी रेघ मारावी, डावीकडे चित्र आणि उजवीकडे आवाज लिहावा. जे डावीकडे दिसते ते उजवीकडे पुन्हा सांगायचे नाही, एवढेच पथ्य. खोलीतले टेबल दिसत असताना ‘हे माझे टेबल’ असे म्हणण्यात वाक्य फुकट जाते. ‘टेबल खिडकीपाशी ओढून घेतलं, कारण हिवाळ्यात दुपारनंतर उजेड तेवढाच येतो’ असे म्हटले, तर त्या टेबलापाशी बसणारी मुलगी दिसू लागते.

खोलीपासून वर्गापर्यंतचा वीस मिनिटांचा रस्ता घेऊ. पडद्यावर त्याला चाळीस सेकंद द्यावेत. दार, जिना आणि फाटक यांना प्रत्येकी पाच, सिग्नलला तेरा, झाडांच्या रस्त्याला सात आणि वर्गाच्या दाराला पाच. सिग्नलला एवढी सढळ मोजणी अशासाठी, की अनेक शहरांत अंध पादचाऱ्यांच्या सोयीसाठी सिग्नलच्या खांबातून टिकटिक ऐकू येते आणि चालायची खूण झाली की तिची लय बदलते. हा आवाज आधीच्या चित्राच्या शेवटी, फाटक दिसत असतानाच सुरू करावा. घरी पाहणाऱ्याचे कान आधी टवकारतात आणि मग खांब दिसतो.

आता उजवी बाजू : ‘वर्ग वीस मिनिटांवर आहे. बस मिळते, पण मी चालतच जाते. इथे टिकटिक जलद झाली की समजायचं, आता ओलांडायचं. अंध माणसांसाठी ही सोय आहे.’ निवांत मराठी बोलताना सेकंदाला साधारण दोन शब्द होतात, तेव्हा हे सारे बारा-तेरा सेकंदांत आटोपते आणि उरलेला वेळ पावलांना व रस्त्याला मिळतो. पहिले वाक्य मात्र गाळता येत नाही. कापाकापीत अंतर नाहीसे होते. दार आणि वर्ग चाळीस सेकंदांत जोडले गेले, की आजी समजणार, पोरीचा वर्ग अंगणापलीकडेच आहे. मिनिटे तोंडानेच सांगावी लागतात.

लिहिलेले घड्याळ लावून मोठ्याने वाचावे. ‘त्यानंतर मी अध्ययनकक्षाकडे मार्गस्थ होते’ यासारखी वाक्ये तिथेच उघडी पडतात. घरात असे बोललो तर बाबा आधी ताप पाहतील. आवाज नंतर खोलीत, खिडकी लावून, वेगळा ध्वनिमुद्रित केलेला बरा, कारण रस्त्यावरचा वारा फोनच्या मायक्रोफोनवर घासून बोलणे गिळून टाकतो. त्याखाली संगीत घालायचेच असेल, तर फोनच्या छोट्या स्पीकरवर एकदा ऐकून पाहावे. हेडफोनवर ठीक वाटलेले संगीत तिथे शब्दांवर कुरघोडी करते.

काही गोष्टी डावीकडून काढून टाकाव्या लागतात. इमारतीचा क्रमांक, पत्र्याच्या टपालपेटीवरचे नाव, किल्लीचा जवळून घेतलेला फोटो, वर्गातल्या इतरांचे न विचारता टिपलेले चेहरे. कुटुंबाच्या गटात टाकलेला व्हिडिओ दूरच्या मामांच्या मित्रांपर्यंत सहज पोहोचतो, आणि पाठवणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

काय ठेवायचे, हा याहून नाजूक भाग. दिवस गोड दिसावा म्हणून हसरी चित्रेच वेचली, तर आईला ते ताबडतोब कळते आणि व्हिडिओ संपायच्या आत फोन येतो. धुलाई यंत्रासमोर पुस्तक घेऊन ताटकळणे, एकटीने उरकलेले जेवण, अर्धवट राहिलेली असाइनमेंट यांना थोडी जागा द्यावी. त्यावर भाष्य मात्र नको. ‘आज कंटाळा आलाय’ एवढे नेहमीच्या स्वरात म्हटले की पुरते.

आणि पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी. नेहमीसारखा व्हिडिओ म्हणून पाठवला तर तो दाबून लहान केला जातो, आणि रात्रीच्या वाटेवरचे दिवे, जे बाबांना मुद्दाम पाहायचे होते, ते काळपट चौकोनांत विरून जातात.