फॉर्म्युला आपोआप इंग्रजी झाला, पण अवतरणातलं जर्मन तसंच राहिलं

श्टुटगार्टजवळ यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी कंट्रोलिंगचं काम करते. आमचा मासिक अहवाल वर्षानुवर्षं जर्मनमधून निघायचा. मग हिशेबाचं बरंच काम पुण्याच्या ऑफिसकडे गेलं आणि अहवाल इंग्रजीत करायचं ठरलं. सगळ्यांना वाटलं, मथळे बदलायचे, टिपा बदलायच्या, आठवड्याभराचं काम. प्रत्यक्षात सगळ्यात जास्त वेळ गेला तो आकडे जुळवण्यात.

फॉर्म्युल्यांची काळजी करायचं कारण नाही असं आधी वाटतं, आणि ते बऱ्याच अंशी खरंही आहे. फाइलच्या आत एक्सेल फंक्शनची नावं इंग्रजीतच साठवतं. त्यामुळे माझ्या स्क्रीनवरचं `SVERWEIS` पुण्यात `VLOOKUP` दिसतं, `WENN` चं `IF` होतं, अर्धविरामाच्या जागी स्वल्पविराम येतो. हे कोणालाही हाताने करावं लागत नाही. मात्र अवतरणचिन्हांत जे काही लिहिलेलं असतं त्याला एक्सेल हात लावत नाही. ते त्याच्या लेखी साधा मजकूर असतो.

आमच्या फाइलमध्ये नेमकं तिथेच घोडं अडलं. खतावणीतून उतरवलेल्या प्रत्येक नोंदीशेजारी वर्ष आणि महिना जोडणारा एक मदतीचा रकाना होता:

```
=TEXT(B2;"JJJJ-MM")
```

जर्मनमध्ये वर्षासाठी J हे अक्षर वापरतात. इथल्या लॅपटॉपवर मार्च २०२४ च्या नोंदीला `2024-03` असं उत्तर येतं. पुण्यातल्या लॅपटॉपवर विंडोजचा प्रदेश भारत आहे, तिथे वर्षासाठी Y लागतो. J ओळखीचा नसल्यामुळे तो जसाच्या तसा उमटतो आणि उत्तर येतं `JJJJ-03`. हे एक्सेलच्या भाषेवर ठरत नाही, विंडोजच्या प्रादेशिक सेटिंगवर ठरतं. म्हणूनच इथे एक्सेलची भाषा इंग्रजी करून घेतलेल्या चाचणीत काहीच सापडलं नव्हतं. प्रदेश जर्मनीच होता.

एवढ्यावर थांबलं असतं तर बेरीज शून्य आली असती आणि पाच मिनिटांत उलगडा झाला असता. पण अहवालाच्या पानावरही वर्ष-महिन्याची हीच खूण याच फॉर्म्युल्याने तयार होत होती. दोन्हीकडे `JJJJ-03`, त्यामुळे `SUMIFS` ला सगळं बरोबर जुळलं. फक्त त्या खुणेत वर्षच उरलं नव्हतं, म्हणून त्याने २०२३ चा मार्च आणि २०२४ चा मार्च एकत्र मिळवले. आकडे बदलून सांगते: आदल्या वर्षी विक्री ४१२ हजार युरो, चालू वर्षी ४३८ हजार. पुण्यातल्या स्क्रीनवर दोन्ही वर्षांच्या रकान्यात ८५०, आणि वाढ शून्य टक्के. लाल खूण नाही, `#N/A` नाही. तिकडच्या सहकारिणीने फोनवर विचारलं, "अगं, यंदाचा मार्च आणि गेल्या वर्षीचा मार्च शेवटच्या आकड्यापर्यंत सारखाच कसा?" तिच्या या एका प्रश्नाने पुढचा सगळा शोध सुरू झाला.

आणखी एक गुंता असा की फाइल नुसती उघडली तर बऱ्याचदा आधी साठवलेली उत्तरंच दिसतात. म्हणजे एकाच फाइलमध्ये दोघांना वेगवेगळे आकडे दिसू शकतात, कारण एकीने काहीतरी बदललं आणि दुसरीने नुसतं पाहिलं. म्हणून दुसऱ्या देशातून आलेली फाइल तपासताना आधी Ctrl+Alt+F9 दाबून सगळं नव्याने मोजून घ्यायचं, मग आकड्यांकडे पाहायचं.

उपाय साधा होता. खूण मजकुरात न ठेवता आकड्यात ठेवली:

```
=YEAR(B2)*100+MONTH(B2)
```

मार्च २०२४ साठी याचं उत्तर 202403 येतं, आणि ते जगात कुठल्याही लॅपटॉपवर तेच येतं. मग असेच बाकीचे धोके हुडकले. एक्सेलच्या शोधात पूर्ण वर्कबुक आणि फॉर्म्युले निवडून फक्त `"` हे चिन्ह शोधलं, की अवतरणात मजकूर असलेल्या सगळ्या पेशींची यादी मिळते. त्यात महिन्यांची नावं निघाली (`"März"`), `"Ist"` आणि `"Plan"`, म्हणजे प्रत्यक्ष आणि नियोजित, अशा अटी निघाल्या, आणि मथळ्याच्या नावावरून रकाना शोधणारे `MATCH` निघाले. वरचा मथळा `Umsatz` चा `Revenue` केला की असा `MATCH` चुकतो. त्याभोवती चूक आली तर शून्य दाखवणारं `IFERROR` असेल तर ती चूक दिसतही नाही. माझं ठाम मत आहे की भाषांतर चालू असताना असे सगळे `IFERROR` काढून ठेवावेत. आर्थिक अहवालात चुकीच्या शून्यापेक्षा `#N/A` हजारपटीने बरा. पॉवर क्वेरीतली रकान्यांची नावं मात्र या शोधात सापडत नाहीत, ती वेगळी उघडून पाहावी लागतात. तिथे नामांतर अगदी शेवटच्या पायरीत करावं, म्हणजे आधीच्या पायऱ्या जुन्या नावांवर चालत राहतात.

मथळ्यांमध्ये शब्दकोश घेऊन बसलेला माणूस हमखास अडकतो ती जोडी `Rückstellungen` आणि `Rücklagen`. दोन्ही शब्द दिसायला भावंडं, आणि घाईत दोन्हींना रिझर्व्ह म्हटलं जातं. पहिलं म्हणजे तरतूद: वॉरंटीचा खर्च किंवा कोर्टातलं प्रकरण, द्यावं लागणार हे दिसतंय पण रक्कम किंवा वेळ नक्की नाही. ते देणं आहे. दुसरं म्हणजे राखीव निधी, तो मालकांच्या भांडवलाचा भाग. अदलाबदल झाली तर ताळेबंद तरीही जुळतो, कारण दोन्ही एकाच बाजूला बसतात, पण कंपनीचं कर्ज आणि भांडवल यांचं गुणोत्तर पार बदलतं. कॉमर्स केलेल्या पुण्याच्या मंडळींना हा फरक पक्का ठाऊक होता. त्यांना फक्त जर्मन ओळीमागचं खातं कोणतं ते कळायला हवं होतं.

टिपांचं काम मी शब्दशः करूच दिलं नाही. एका पेशीवर टीप होती: `VZ gedreht, s. Blatt Kosten`. `VZ` म्हणजे `Vorzeichen`, अधिक-उण्याचं चिन्ह. "चिन्ह उलटं केलं, खर्चाचं पान पाहा" असं भाषांतर बरोबर असूनही निरुपयोगी आहे. ते पान आता `Costs` झालंय, आणि चिन्ह का उलटं केलं हे मुळातच लिहिलेलं नाही. कारण असं की आमच्या प्रणालीतून विक्री जमेची रक्कम म्हणून उणे चिन्हाने बाहेर पडते. नवी टीप अशी लिहिली: विक्री उणे येते म्हणून -1 ने गुणलंय, उताऱ्याची पद्धत बदलली तर हे काढा. ही माहिती जुन्या सहकाऱ्यांपैकी एकाच्याच डोक्यात होती, आणि ते निवृत्तीला आले होते.

जर्मन मात्र पूर्ण हटवता येत नाही. जर्मन व्यापारी संहितेच्या कलम २४४ नुसार वार्षिक हिशेबपत्रकं जर्मन भाषेत आणि युरोतच करावी लागतात. म्हणून फाइलमध्ये एक पान कायमचं ठेवलंय: खातेक्रमांक, जर्मन नाव, इंग्रजी नाव. सगळे फॉर्म्युले खातेक्रमांक वापरतात, दोन्ही नावं फक्त दाखवण्यासाठी. दोन महिने जुना आणि नवा अहवाल शेजारी शेजारी चालवला, प्रत्येक ओळीची वजाबाकी एका वेगळ्या पानावर ठेवली, आणि ती दोन्ही देशांतल्या लॅपटॉपवर शून्य आल्यावरच जुनी फाइल बंद केली.