खड्ड्यातली वाळू सात इंच खाली बसली तेव्हा

शिरूरजवळच्या आमच्या घराचा बोअर दोन उन्हाळे लागोपाठ आटला. गच्चीवरचं पाणी जमिनीत सोडायचं, असं त्यानंतर ठरलं. गच्ची 1200 चौरस फूट. जागा पाहून मिस्त्री म्हणाले, "ताई, सहा बाय सहाचा, आठ फूट खोल खड्डा घेऊ. आठ हजार लिटर पाणी मावेल."

गुणाकार बरोबर होता. 6 × 6 × 8 म्हणजे 288 घनफूट आणि घनफुटाला साधारण 28.3 लिटर. पण तो रिकाम्या खड्ड्याचा हिशोब होता. दगड, खडी आणि वाळू भरल्यावर पाणी फक्त मधल्या पोकळीत राहतं. मी घरीच एक बादली खडीने काठोकाठ भरली आणि मापट्याने पाणी ओतत गेले. बादलीच्या चाळीस टक्क्यांच्या आसपास पाणी मावलं. वाळूत ते तीस टक्क्यांवर आलं.

मग थर ठरवले. तळाला 3 फूट डबर, त्यावर 2 फूट खडी, त्यावर दीड फूट जाड वाळू आणि वरचा दीड फूट मोकळा. डबराच्या 108 घनफुटांत 43 घनफूट पाणी राहील, खडीच्या 72 मध्ये 29, वाळूच्या 54 मध्ये 16 आणि मोकळ्या जागेत पूर्ण 54. एकूण 142 घनफूट, म्हणजे चार हजार लिटर. सांगितलेल्या आकड्याच्या निम्मं. आमच्या गच्चीवर तासाभरात 40 मिलिमीटर पाऊस पडला आणि भिजण्या-उडण्यात पंधरा टक्के गेला, तर 134 घनफूट पाणी खाली येतं. म्हणजे हा खड्डा पुरणार होता, पण जेमतेम. वरचा दीड फूट त्यासाठीच मी मोकळा ठेवायला लावला. मिस्त्री तिथेही वाळू भरायला निघाले होते. ती भरली असती तर 38 घनफूट जागा गेली असती.

खणताना पाच फुटांपर्यंत काळी माती लागली, त्याखाली मुरूम. काळ्या मातीत पाणी जवळजवळ मुरतच नाही, त्यामुळे तळ मुरमात असणं गरजेचं होतं. भरण्याआधी तळात फूटभर पाणी सोडलं. पहिलं पाणी कोरडा मुरूम भराभर पितो, म्हणून दुसऱ्यांदा सोडून मोजलं. तासात सहा इंच उतरलं. या वेगाने तळातून तासाला 18 घनफूट जातात, म्हणजे भरलेला खड्डा आठ तासांत रिकामा होतो. तळाशी अखंड कातळ लागला असता तर एवढ्या खड्ड्याने काम भागलं नसतं.

आमच्याकडे माल ब्रासवर मिळतो. 1 ब्रास म्हणजे 100 घनफूट. डबर 1.08 ब्रास आणि खडी 0.72 ब्रास हे सरळ होतं. वाळूने मात्र दमवलं. ट्रॉलीचा हौदा मी टेपने मोजला. 10 × 6 फूट आणि दीड फूट भरलेली, म्हणजे 90 घनफूट. लागणार होती 54, म्हणून निर्धास्त होते. पण वाळू ओलसर होती आणि ओलसर वाळू फुगलेली असते. ताडपत्रीवर पसरून वाळवली आणि एक घनफुटाच्या लाकडी पेटीने मोजली, तर ती 75 च्या आसपास भरली. दीड मिलिमीटरच्या चाळणीवर जी राहिली तीच खड्ड्यात घालायची होती, ती उरली 48. कमी पडलेली सहा पेट्या वाळू शेजारच्या बांधकामावरून आणून तशीच चाळली. खडी आणि डबर धुऊन घेतले, कारण क्रशरची भुकटी पहिल्या पाण्याबरोबर थेट तळाशी जाऊन मुरमाची छिद्रं बुजवते. कोळशाचा थर घाला, असंही दोघांनी सुचवलं. मी नाही घातला. त्याची शोषून घेण्याची ताकद काही काळाने संपते, आणि बदलायचा तर वरची सगळी वाळू उपसावी लागते.

चूक खडीत झाली. पुरवठादाराकडे 40 एमएम खडी तयार होती, म्हणून पूर्ण दोन फूट तीच घातली आणि वर थेट वाळू पसरली. दिसायला थर सुरेख दिसत होते. भिंतीवर वाळूच्या पातळीला मी रंगाची रेघ मारली होती. जूनमधल्या पहिल्या दोन मोठ्या पावसांनंतर झाकण उघडलं, तर वाळू रेघेखाली सात इंच. 36 चौरस फुटांवर सात इंच म्हणजे 21 घनफूट वाळू. खालच्या खडीत 29 घनफूट पोकळी होती, तिथेच ती गेली होती.

पाणी मावायची एकूण जागा यात कमी होत नाही. वाळू खाली गेली तेवढी वर मोकळी जागा झाली. नुकसान वेगळं होतं. अठरा इंचांचा गाळणीचा थर अकरा इंचांवर आला होता, तोही असमान. पाइपाचं पाणी पडायचं तिथे तर खळगा पडून खडी उघडी पडली होती. गाळ वाळूवर अडला की खरवडून काढता येतो. तो खडीतून डबरात पोचला की काढायला खड्डाच रिकामा करावा लागतो.

याचा नियम मृदा अभियांत्रिकीत फार जुना आहे, कार्ल टेर्झागी यांच्या नावाचा. सोप्या भाषेत सांगायचं तर, खालच्या थरातला बारीक दाणा वरच्या थरातल्या जाड दाण्याच्या चार-पाच पटींहून मोठा नको. माझ्या वाळूतला जाड दाणा तीन मिलिमीटरच्या आसपासचा. त्याखाली पंधराच्या आतली खडी हवी होती आणि मी घातली होती चाळीसची.

पावसाने आठवडाभर उघडीप दिली तेव्हा वाळू उपसली. वाळू मिसळलेली वरची फूटभर खडीही काढून चाळली. तिच्या जागी सहा इंच 20 एमएम आणि त्यावर सहा इंच 10 एमएम खडी घातली, प्रत्येकी 18 घनफूट. खडीचा एकूण थर तेवढाच, दोन फुटांचा राहिला. वाळू परत पसरताना त्या फूटभर खडीत सांडलेलीही बरीच मिळाली, तरी चार पेट्या नव्या लागल्या. या वेळी वाळू आधी पाण्याने भिजवून बसू दिली आणि मगच रेघेपर्यंत भरली. पाइपाखाली एक सपाट फरशी ठेवली, म्हणजे धार वाळूवर थेट आदळत नाही.

त्या पावसाळ्याच्या शेवटी वाळू रेघेखाली जेमतेम अर्धा इंच होती. वर गाळाची पातळ साय धरली होती आणि पाणी उतरायला आधीपेक्षा जास्त वेळ लागत होता. कोरडं झाल्यावर थापीने वरचा इंचभर थर खरवडला. तीन घनफूट निघाला. तेवढीच चाळलेली वाळू वर घातली. आता दर मे महिन्यात पाच पेट्या वाळू चाळून पोत्यात भरून ठेवते.