तुम्ही विचारलंत म्हणून : अहवालाची बदललेली वेळ

"दैनिक अहवाल साडेपाचऐवजी साडेसातला निघणार म्हणजे आम्ही रोज तोवर बसायचं का? आणि पहिल्याच दिवशी आकडे फुगलेले दिसले तर?"

नाही, बसायचे नाही. अहवाल साडेसातला संगणक आपोआप काढेल आणि शाखाधिकाऱ्यांनी तो दुसऱ्या दिवशी सकाळी पाहून सही करायची आहे. पिग्मी एजंटची वाट पाहत कॅशिअर आणि एक अधिकारी संध्याकाळी आजही थांबतातच. फरक एवढाच, की आलेली रक्कम सील केलेल्या पाकिटात तिजोरीत ठेवण्याऐवजी ते तिची नोंद त्याच दिवशीच्या रोजकिर्दीत करतील.

वेळ बदलण्याचे कारण या पाकिटातच आहे. निपाणीसारखी बाजारपेठेतील शाखा घ्या. समजा, साडेपाचच्या अहवालात अखेरची रोकड ४,६५,००० रुपये आहे आणि शाखेची रोकड मर्यादा पाच लाख आहे. मुख्य कार्यालयाला सर्व ठीक दिसते. साडेसहाला एजंट ३८,४०० रुपये आणतात, म्हणजे तिजोरीत प्रत्यक्षात ५,०३,४०० रुपये राहतात. मर्यादा ओलांडली गेली, पण कागदावर तिचा मागमूस नाही. रात्री काही घडले, तर ज्या पैशांची नोंदच नाही त्यांच्यासाठी विमा कंपनीपुढे दावा कसा मांडायचा, ही माझी खरी काळजी आहे.

आता पहिल्या दिवसाविषयी. समजा, बदल मंगळवारी लागू झाला. सोमवारी संध्याकाळचे ३८,४०० रुपये जुन्या पद्धतीप्रमाणे मंगळवारी सकाळी जमा होतील आणि मंगळवारचे ३६,९०० रुपये त्याच संध्याकाळी. त्यामुळे पिग्मीच्या रकान्यात ७५,३०० रुपये दिसतील. ही दुबार नोंद नाही, दोन दिवसांची वसुली एका तारखेत आली आहे. कृपया ती उलट नोंद करून 'दुरुस्त' करू नका, कारण तसे केल्यास ठेवीदारांच्या खात्यांतून खरी रक्कम वजा होईल. खात्री करायची असेल तर एजंटनिहाय यादी पाहावी, एजंटच्या एकाच वसुली यंत्राच्या दोन वेगवेगळ्या दिवसांच्या वसुली स्वतंत्र दिसतील. बुधवारपासून आकडा पूर्ववत होईल.

एजंट सव्वासातनंतर आले तर मात्र पाकिटाची जुनी पद्धतच पाळावी आणि पाकिटावर दोघांच्या सह्यांसोबत वेळही लिहावी.

खानापूरकडील शाखांची अडचण वेगळी आहे. पावसाळ्यात लाईट किंवा लाईन गेली, की एजंटच्या यंत्रातील माहिती वर जात नाही, तरी अहवाल वेळेवर निघतोच आणि वरवर पूर्ण वाटतो. एजंट पैसे देऊन गेले असतानाही पिग्मीच्या रकान्यात शून्य असेल, किंवा सकाळी मोजलेली रोकड अहवालापेक्षा नेमकी त्या वसुलीइतकी जास्त भरली, तर माहिती अडकली आहे असे समजावे. अशा वेळी सही न करता दहाच्या आत मुख्य कार्यालयाला फोन करावा, म्हणजे व्यवहार सुरू होण्यापूर्वी आम्ही तो अहवाल पुन्हा काढून देऊ. ही सूचना मराठी आणि कन्नड दोन्हींत पाठवली आहे, ती काउंटरमागे लावावी.