आज धरायचा की सोडायचा?

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी शाळेच्या आठवणी लिहायला बसलो, तेव्हा सर्वांत आधी आठवला तो सहावीच्या वर्गातील माझा बाकसोबती आणि त्याने मोजलेले सुट्टीपूर्वीचे दिवस. आमच्या वर्गात फळ्याच्या बाजूला भिंतीवर एक दिनदर्शिका टांगलेली असे. सणाच्या मोठ्या सुट्टीची सूचना वर्गात वाचून दाखवली गेली आणि मधल्या सुट्टीत हा गडी बाकावर चढून त्या दिनदर्शिकेसमोर उभा राहिला. त्याने आधी गेल्या वर्षीचीच तारीख गृहीत धरली होती. परंतु तो सण चंद्राच्या तिथीने येणारा, आणि बारा चांद्र महिन्यांचे वर्ष सुमारे 354 दिवसांचे, त्यामुळे इंग्रजी तारखेच्या हिशेबाने सण साधारण अकरा दिवस अलीकडे सरकला होता. (अधिक महिना आला की तो जवळजवळ एकोणीस दिवस पुढे जातो, हे त्याला कळते तर त्या वर्षी आधीच हायसे वाटले असते.)

त्या दिवशी 8 तारीख आणि मंगळवार होता. महिना तीस दिवसांचा होता, आणि सुट्टी पुढच्या महिन्याच्या 5 तारखेपासून, सोमवारी, सुरू व्हायची होती. त्याने पान वर उचलून, बोट एका चौकटीतून दुसऱ्या चौकटीत नेत मोजले आणि जाहीर केले, की अठ्ठावीस दिवस उरले. मागच्या बाकावरच्या मुलीने तेच मोजून सत्तावीस सांगितले, आणि तिसऱ्या एकाने सव्वीस. प्रत्येकाने पुन्हा मोजले आणि प्रत्येकाचे उत्तर पुन्हा तेच आले. चूक मोजण्यात असती तर दुसऱ्या वेळी आकडा बदलला असता; इथे आकडे ठाम होते, म्हणजे प्रत्येक जण काही वेगळेच मोजत होता.

गणिताचे सर वर्गात आले तोवर आवाज बराच चढला होता. त्यांनी कोणालाही चूक ठरवले नाही, माझ्या सोबत्याला त्यांनी एवढेच विचारले, "बाळा, आजचा दिवस धरलास की सोडलास? आणि सुट्टीचा पहिला दिवस?" त्याने दोन्ही धरले होते. मुलीने आज धरून 5 तारीख सोडली होती, तर तिसऱ्याने दोन्ही सोडले होते. सरांनी फळ्यावर मांडले: या महिन्याचे तीसमधून आठ वजा जाता बावीस, त्यात पुढच्या महिन्याचे पाच, एकूण सत्तावीस. मग त्यांनी पडताळ्याची एक रीत सांगितली, जी मी आजही वापरतो. मंगळवारपासून अठ्ठावीस दिवसांनी, म्हणजे बरोबर चार आठवड्यांनी, पुन्हा मंगळवारच येणार. सुट्टी सोमवारी सुरू होते, म्हणजे एक दिवस कमी, अर्थात सत्तावीस. वार जुळला नाही तर कुठेतरी चौकट सुटली आहे किंवा दोनदा मोजली गेली आहे असे समजावे. अशी गडबड बहुधा पान उलटताना होते, कारण महिना तीसचा की एकतीसचा हे तिथेच विसरायला होते.

माझ्या सोबत्याला मात्र सत्तावीस हा आकडा फार मोठा वाटला. त्याने दुसऱ्या दिवशी नवा हिशेब आणला: रविवार तसेही सुट्टीचेच, मग ते का मोजायचे? 8 तारखेपासून 3 तारखेच्या शनिवारपर्यंत शाळेचे दिवस तेवीसच होते. 13, 20, 27 आणि 4 हे चार रविवार त्याने वजा केले होते. सरांनी हेही मान्य केले, पण अट घातली, की एकदा ठरवलेली रीत मध्येच बदलायची नाही, आणि आकड्यापुढे "शाळेचे दिवस" असे लिहायचे.

खूण केव्हा करायची, हा वाद त्यानंतर काही दिवस चालला. काही जण सकाळी वर्गात शिरताच त्या दिवसाच्या चौकटीवर फुली मारायला धावत, त्यामुळे दिवसभर एक दिवस कमी दिसे. माझा सोबती म्हणे, की जो दिवस अजून भोगायचा आहे तो खोडायचा कसा? माझ्या मते त्याचेच बरोबर होते. शेवटी शाळा सुटल्याची घंटा झाली की फुली मारायची असे ठरले आणि पेन्सिल त्याच्याकडे राहिली. दिनदर्शिका शाळेत असल्याने रविवारची चौकट रविवारी खोडता येत नसे. ती तो सोमवारी सकाळी प्रार्थनेआधी खोडी. परीक्षेच्या दिवसांत त्याने एकही फुली चुकवली नाही, मात्र पेपर अवघड गेला की ती फुली जरा जोरात उमटे आणि कागद फाटे.

4 तारखेचा रविवार मात्र खोडायचा राहून गेला, कारण त्यानंतरच्या सोमवारी वर्गाला कुलूप होते. सुट्टी संपवून आम्ही परतलो, तेव्हा दप्तर ठेवण्याआधी त्याने ती चौकट खोडली आणि लगेच पुढची पाने उचलून वार्षिक परीक्षेनंतरच्या सुट्टीचा वार शोधू लागला.