गुरू हळू चालतो, मग जास्त दिवस वक्री का?

तारांगणात निवेदिका म्हणून काम करताना वक्री ग्रहांचा भाग आला की पुढचं वाक्य प्रेक्षकांनाही पाठ असतं. वेगवान गाडी हळू गाडीला ओलांडते तेव्हा हळू गाडी मागे जाताना दिसते, तसंच पृथ्वी मंगळाला ओलांडते. माना डोलतात, खेळ पुढे सरकतो. नंतर "वक्री मंगळ वाईट का?" हे विचारायला दोघं-तिघं थांबतातच. आकाशाचा प्रश्न क्वचितच कुणी विचारतं.

त्या दिवशी नववीतली एक मुलगी वही घेऊन थांबली. मिथुन-कर्क भागाचा एकच नकाशा आणि त्यावर दोन रंगांचे ठिपके. लाल ठिपके मंगळाचे, 2024-25 च्या हिवाळ्यातले. तो डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात कर्केत थबकला, पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांकडे मागे आला आणि फेब्रुवारीच्या अखेरीस मार्गी झाला. निळे ठिपके त्याच भागात पुढच्या हिवाळ्यात आलेल्या गुरूचे. ढगाळ रात्रींच्या जागा तिने मोकळ्या सोडल्या होत्या, अंदाजाने एकही ठिपका भरलेला नव्हता. आमच्याकडे येणाऱ्या कित्येक मोठ्यांना एवढी शिस्त नसते.

"मॅडम, मंगळ एकोणऐंशी दिवस मागे गेला आणि गुरू जवळपास एकशे वीस. गुरू तर किती हळू चालतो! त्याला ओलांडणं लवकर संपायला हवं ना?"

संहितेत याचं उत्तर नव्हतं. मी खडू घेऊन फरशीवर बसले.

मधे सूर्य, भोवती पृथ्वीची कक्षा, बाहेर मंगळाची. प्रतियुतीला सूर्य, पृथ्वी आणि मंगळ एका रेषेत येतात. पृथ्वी सेकंदाला सुमारे 30 किलोमीटर जाते, मंगळ 24. दोघेही दृष्टिरेषेला काटकोनात, एकाच दिशेने निघालेले. सहा किलोमीटरचा फरक पडतो, म्हणून मंगळ ताऱ्यांसमोर मागे सरकतो. मागे जाण्याचा वेग त्या दिवसांतच सर्वांत जास्त असतो. ओलांडताना ग्रह थबकतो, असं बऱ्याच जणांना वाटतं, ते खरं नाही. थबकतो तो त्याच्या कितीतरी दिवस आधी आणि नंतर.

कधी थबकतो, ते तिला खडूचे बाण काढून दाखवलं. पृथ्वीची वाट वळते, त्यामुळे तिच्या 30 किलोमीटरपैकी दृष्टिरेषेला आडवा असलेला हिस्सा दिवसागणिक घटतो. उरलेला वेग मंगळापासून दूर जाण्यात खर्च होतो. मंगळाचा आडवा हिस्साही थोडा घटतो. दोन्ही आडवे वेग बरोबरीला आले की दृष्टिरेषा स्वतःला समांतर राहते आणि मंगळ ताऱ्यांत स्थिर दिसतो. ही बरोबरी साधारण 22 किलोमीटरवर होते. तिशीवरून बाविशीवर यायला पृथ्वीला फार वळावं लागत नाही, सरासरी 36 दिवस पुरतात. आधीचे तेवढेच धरले की बहात्तर-त्र्याहत्तर. 2025 मध्ये मंगळ कक्षेच्या सूर्यापासून लांबच्या टोकाजवळ होता आणि त्यामुळे सरासरीपेक्षा हळू, म्हणून तिचे दिवस एकोणऐंशी भरले.

मग गुरू. त्याचा वेग सेकंदाला 13 किलोमीटर. बरोबरी व्हायला पृथ्वीचा आडवा वेग तिशीवरून तेरापर्यंत उतरायला हवा. तोपर्यंत ती कक्षेत साठ अंश फिरते, म्हणजे दोन महिने जातात. ग्रह जितका संथ, तितकं पृथ्वीला जास्त वळावं लागतं, म्हणून वक्री काळ लांबतो. मागे जाण्याचं अंतर मात्र कमी भरतं, कारण गुरू फार लांब आहे. तिच्या वहीत मंगळ एकोणीस अंश मागे आला होता, गुरू दहाच.

मी तिला शनीचा वेग सांगितला, सेकंदाला 9.7 किलोमीटर, आणि दिवस विचारले. थोडा विचार करून ती म्हणाली, "एकशे वीसपेक्षा जास्त. पण सहा महिन्यांच्या आत." शनी 138 दिवस वक्री असतो, ते मला माहीत होतं. सहा महिने कुठून आले? तिने खडू घेतला. ग्रह जागचा हललाच नाही, तर पृथ्वीचा आडवा वेग पार शून्यावर यावा लागेल. ते तीन महिन्यांनी होतं, पाव फेरी झाल्यावर. आधीचे तीन, नंतरचे तीन.

मी तिला नेपच्यूनचे दिवस सांगितले, सुमारे 158. तिने ते वहीत शनीखाली लिहून घेतले.

दुसऱ्या दिवशी मी हा भाग खेळात घालायचं सुचवलं. वरिष्ठ म्हणाले, लोकांना आकडे नको असतात, ओलांडणारी गाडी पुरे. मला ते पटत नाही. गाडीची उपमा ग्रह मागे का जातो तेवढंच सांगते, कधी थांबतो ते सांगत नाही, कारण सरळ रस्त्यावरच्या गाडीचा वेग वळत नाही. दोन बाण घुमटावर दाखवायला दीड मिनिट लागेल. मी ती दीड मिनिटं लिहून काढली आहेत आणि पुढच्या बैठकीत पुन्हा मांडणार आहे.