पेनकिलरमुळे अल्सर आणि "लोहाच्या गोळीने होतं काळं" हे उत्तर : माझा अनुभव

"लोहाच्या गोळ्या चालू आहेत ना मॅडम, मग शौचाला काळी होणारच." कॅज्युअल्टीमधल्या डॉक्टरांचं हे वाक्य अजून डोक्यातून जात नाही. बरी होऊन बरेच दिवस झाले तरी राग तसाच आहे, म्हणून सगळं लिहून काढतेय. ज्यांच्या घरात कुणी ना कुणी रोज पेनकिलर घेतं त्यांनी नीट वाचा.

आधी थोडक्यात मागचं. माझा उजवा खांदा आखडला होता, केस बांधायला हात मागे जाईना, रात्री त्या कुशीवर झोपता येईना. हाडांच्या डॉक्टरांनी डायक्लोफिनॅक ५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा जेवणानंतर दिली. आराम पडला, खोटं नाही बोलणार. त्यातच दाढ सुजली. दातांच्या डॉक्टरांना मी खांद्याची गोळी चालू आहे असं सांगितलं होतं, स्ट्रिपही दाखवली होती, तरी त्यांनी इब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली गोळी तीन वेळा लिहून दिली आणि काही खाऊन घ्या एवढंच म्हणाले. डायक्लोफिनॅक आणि इब्युप्रोफेन एकाच जातीची औषधं आहेत. दोन्ही एकत्र घेऊन दुखणं काही दुप्पट कमी होत नाही पण पोटाला धोका मात्र वाढतो. कुणीतरी एकाने त्या दोन चिठ्ठ्या शेजारी ठेवून बघायला हव्या होत्या. याशिवाय रक्त थोडं कमी म्हणून लोहाची गोळी आधीपासून चालू होती, तिचा संबंध पुढे येतो.

पोटात दुखायला लागलं ते बेंबीच्या वर, बरगड्यांच्या मधे, आतून कुणी कुरतडतंय असं. पहाटे जाग यायची. अँटासिडचं पातळ औषध घेतलं की तासभर शांत. इथे एक गोष्ट सांगते जी मला नंतर कळली. अँटासिडने आग कमी होते पण पेनकिलर चालूच असेल तर आतली जखम आतल्या आत वाढत राहू शकते. आणि ज्यांना अजिबात दुखत नाही त्यांनाही थेट रक्तस्राव होऊ शकतो, विशेषतः वय झालेल्या माणसांना, त्यामुळे पोट दुखत नाही म्हणजे सगळं ठीक असं धरून चालू नका.

मग एक दिवस शौचाला वेगळी झाली. लोहाच्या गोळीने माझी शौच आधीपासून गडद होतीच, पण ती हिरवट काळी, नेहमीसारखी बांधलेली, आणि वास नेहमीचाच. ही मात्र डांबरासारखी काळीकुळकुळीत, चकचकीत, चिकट, भांड्याला धरून बसलेली, दोनदा पाणी टाकलं तरी निघेना, आणि वास असा उग्र की तसा मी कधी घेतलेला नव्हता. संध्याकाळी परत तशीच झाली. उठून उभं राहिलं की डोळ्यासमोर अंधारी यायची. मी मोबाईलवर फोटो काढला, तो पुढे फार कामाला आला, तुम्हीही काढा, लाज बाळगू नका.

आता तो दवाखाना. गेल्याबरोबर ईसीजी काढला, नॉर्मल. झोपवून बीपी घेतलं, नॉर्मल. रक्त घेतलं, हिमोग्लोबिन ११.२ आलं. आणि मग ते वाक्य. "ॲसिडिटी आहे, लोहामुळे काळं होतं, गोळी लिहून देतो, घरी जा." मी म्हटलं डॉक्टर, लोहाची गोळी मी आधीपासून घेतेय, तेव्हा अशी नव्हती, चिकटपणा आणि वास वेगळा आहे. त्यांनी मान वर करून बघितलं पण नाही. फोटो पुढे केला तर म्हणाले फोटोवरून काही कळत नाही. पेनकिलरची नावं सांगितली तर केसपेपरवर लिहिली सुद्धा नाहीत! नवरा म्हणाला निदान ॲडमिट तरी करून घ्या, तर बेड त्यांच्यासाठी आहेत जे खरंच आजारी आहेत असं उत्तर मिळालं. आम्ही हललो नाही. बाहेर बाकावर बसून राहिलो, मी मधेच उठले की घाम फुटायचा, नवरा खिडकीशी जाऊन परत परत सांगायचा आणि थांबा म्हणून परत यायचा. रात्र तिथेच सरली.

पहाटे ड्युटी बदलली आणि दुसऱ्या डॉक्टर आल्या. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "कुठल्या पेनकिलर चालू आहेत?" दोन्ही नावं ऐकल्यावर त्यांनी मला झोपलेली असताना नाडी मोजली, मग उभं करून परत मोजली. झोपून ८८, उभं राहिल्यावर १२०. झोपून बीपी नॉर्मल असलं तरी उभं राहिल्यावर नाडी अशी पळायला लागली की शरीरातलं रक्त कमी झालेलं असू शकतं, असं त्यांनी नवऱ्याला तिथल्या तिथे समजावलं. मग हातमोजा घालून गुदद्वारातून बोट घालून तपासणी केली. अवघडल्यासारखं होतं पण अर्ध्या मिनिटाचं काम आहे, आणि हातमोज्यावर जे लागलं ते बघून त्यांना दुसरं काही विचारायची गरजच राहिली नाही. डांबर. हे आधीच्या माणसाने का केलं नाही, हा माझा प्रश्न आजही तसाच आहे.

आणि ते हिमोग्लोबिन ११.२, ज्याच्या जोरावर आम्हाला घरी धाडत होते, त्याबद्दल त्या डॉक्टरांनी जे सांगितलं ते मला सगळ्यांना सांगायचंय. रक्त वाहतं तेव्हा पेशी आणि पातळ भाग दोन्ही एकदमच जातात, त्यामुळे उरलेल्या रक्ताचा दाटपणा आधी तसाच दिसतो. नंतर शरीर आतलं पाणी ओढून किंवा सलाईनमुळे रक्त पातळ होतं तेव्हा आकडा खाली येतो, आणि याला कित्येक तास लागतात. म्हणून सुरुवातीचा एक नॉर्मल रिपोर्ट म्हणजे रक्तस्राव नाही असं होत नाही, परत तपासावं लागतं. माझं परत तपासलं तर ८.९. त्याच रिपोर्टमधे युरिया वाढलेला आणि क्रिएटिनिन नॉर्मल. पोटात सांडलेलं रक्त आतड्यात पचतं त्यामुळे युरिया वाढतो, किडनी बिघडलेली नसते. युरिया सुद्धा रात्रीच तपासता आला असता.

त्यानंतर सगळं भराभर झालं. सलाईन, शिरेतून पँटोप्रॅझोल, रक्त तयार ठेवलं पण द्यावं लागलं नाही. पोट रिकामं ठेवून घशात बधिर करायचा स्प्रे मारून दुर्बीण घातली. जठराच्या खालच्या भागात एक छोटा अल्सर आणि आजूबाजूला बऱ्याच ठिकाणी खरचटल्यासारखं. अल्सरचा तळ स्वच्छ होता, वाहती नस नव्हती, म्हणजे परत रक्त जायचा धोका कमी, म्हणून दुर्बिणीतून काही करावं लागलं नाही आणि लवकर खायला मिळालं.

हे का होतं तर जठराला स्वतःच्याच ॲसिडपासून वाचवणारा बुळबुळीत थर असतो, तो टिकवायला शरीर प्रोस्टाग्लँडिन नावाचं द्रव्य बनवतं. दुखणं आणि सूज पण त्याच कुळातल्या द्रव्यांनी होते. या गोळ्या ते सरसकट बंद करतात. आणि हा परिणाम मुख्यतः रक्तातून होतो. म्हणून जेवून घेतली, कोटिंगवाली घेतली, अगदी इंजेक्शन घेतलं तरी अल्सरपासून सुटका नाही. जेवणानंतर घेतल्याने जळजळ कमी होते, एवढंच.

घरी आल्यावर पँटोप्रॅझोल ४० मिलिग्रॅम सकाळी नाश्त्याच्या अर्धा तास आधी, आठ आठवडे. नाश्त्यानंतर घेतली तर तिचा पुरता उपयोग होत नाही, हे मेडिकलवाला सांगत नाही. जंतूची तपासणी, एच पायलोरी, दुर्बिणीच्या वेळी निगेटिव्ह आली होती पण रक्तस्राव चालू असताना ती खोटी निगेटिव्ह येऊ शकते म्हणून नंतर श्वासाची टेस्ट करायला सांगितली, आणि त्याआधी दोन आठवडे पँटोप्रॅझोल बंद ठेवावं लागतं, ते बंद करायचं डॉक्टरांना विचारूनच.

खांद्याचं काय, हा प्रश्न सगळे विचारतात. पॅरासिटामॉल चालू केलं, ५०० च्या दोन गोळ्या, दोन डोसमधे निदान सहा तास, दिवसाला ४ ग्रॅमच्या वर कधीच नाही, आणि लिव्हर खराब असेल, दारू असेल, वजन कमी असेल तर त्याहून कमी, डॉक्टर सांगतील तेवढंच. सर्दीच्या आणि इतर गोळ्यांत पण पॅरासिटामॉल असतं ते मोजायला विसरू नका. डायक्लोफिनॅकचा जेल रक्तात फार कमी जातो, गुडघ्याला, बोटांच्या सांध्यांना बरा, खांद्याचा सांधा खोल असल्याने मला विशेष फरक पडला नाही. खरा फरक पडला तो व्यायामाने आणि सांध्यात दिलेल्या एका स्टेरॉइडच्या इंजेक्शनने. सेलेकॉक्सिब नावाची गोळी पोटाला त्यातल्या त्यात सौम्य आहे पण हृदयाचा त्रास असलेल्यांना ती चालत नाही, आणि माझ्यासारख्या रक्तस्राव झालेल्यांना लागलीच तर पोटाच्या गोळीसोबत, डॉक्टरांच्या देखरेखीत.

आधी अल्सर झालेला, साठीच्या पुढचे, रक्त पातळ करायची गोळी, ॲस्पिरिन किंवा स्टेरॉइड चालू असलेले, यांनी डायक्लोफिनॅक, इब्युप्रोफेन, असेक्लोफिनॅक, नेप्रोक्सेन स्वतःहून घेऊच नयेत. पण हृदयासाठी दिलेली ॲस्पिरिन घाबरून स्वतःच बंद करू नका, तो धोका वेगळा आहे, आधी डॉक्टरांना फोन.

काळी चिकट शौच, कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, उभं राहिल्यावर चक्कर, किंवा अचानक पोट लाकडासारखं कडक होऊन असह्य दुखणं, यातलं काहीही झालं तर पेनकिलर थांबवा आणि सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा. तिथे ॲसिडिटी म्हणून परत पाठवायला लागले तर तीन गोष्टी स्पष्ट मागा. उभं करून नाडी आणि बीपी, बोटाने तपासणी, आणि काही तासांनी परत हिमोग्लोबिन.

रक्त थांबल्यावरही काही दिवस शौच काळी राहते, आतलं जुनं रक्त बाहेर पडत असतं, त्याला घाबरायचं कारण नाही, मात्र चक्कर आली किंवा काळं परत वाढलं तर घाबरायलाच हवं. मला आता लोहाची गोळी परत चालू आहे, शौच परत गडद झालीय, पण ती हिरवट आणि घट्ट. दातांच्या डॉक्टरांकडे परत गेले तेव्हा फाईलच्या पहिल्या पानावर लाल पेनने या गोळ्यांची नावं आणि "अल्सरमधून रक्तस्राव झालेला आहे, देऊ नये" असं लिहून घेतलं, आणि त्यांनी ते वाचल्याशिवाय खुर्चीत बसले नाही.