९९२ चालतं, १०५६ चालतं, १०२४ मात्र अडतं

सोलापुरातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात आमच्या प्रयोगशाळेत अंतिम वर्षाच्या मुलांना मॅट्रिक्स गुणाकाराचं प्रात्यक्षिक असतं. आधी साधा तीन लूपचा गुणाकार, मग टाइलिंग, आणि दोन्हींचे कॅशे मिस मोजून तुलना. दरवर्षी आकडे साधारण अपेक्षेप्रमाणेच येतात. या वेळी अक्कलकोटच्या एका मुलानं आकडा निवडला १०२४, आणि त्याच्याकडे टाइलिंग केल्यावर मिस कमी व्हायच्या ऐवजी थोडे वाढले. "सर, टाइल तर बसतीय की कॅशेत. मग मिस कमी का होईनात?" हा प्रश्न अगदी रास्त होता, म्हणून तो दिवस त्यातच गेला.

प्रोसेसरमधले काउंटर `perf stat` नं वाचावेत, हा पहिला विचार. पण आमच्या लॅबची लिनक्स व्हर्च्युअल मशिनवर चालते आणि तिथे या काउंटरपुढे `<not supported>` असंच येतं. म्हणून व्हॅलग्राइंडचं कॅशेग्राइंड वापरलं. एका अर्थी ते बरंच झालं, कारण सिम्युलेटरमध्ये कॅशे कसा आहे हे आपण सांगतो, त्यामुळे मिळालेला आकडा कागदावरच्या हिशेबाशी थेट ताडून पाहता येतो.

```
gcc -O2 -g -DN=1024 -DLD=1024 -DT=32 mm.c -o mm
valgrind --tool=cachegrind --cache-sim=yes --D1=32768,8,64 ./mm
```

व्हॅलग्राइंड ३.२१ पासून कॅशेचं सिम्युलेशन आपोआप होत नाही, `--cache-sim=yes` लिहावंच लागतं. ते विसरलं की फक्त सूचनांची संख्या छापली जाते आणि मुलं मिसचा रकाना शोधत बसतात. `--D1` मधले तीन आकडे म्हणजे ३२ केबीचा L1 डेटा कॅशे, प्रत्येक सेटमध्ये ८ जागा, ६४ बाइटची लाइन. यातून सेट किती हे काढून ठेवायचं: ३२७६८ ला ८ आणि ६४ यांच्या गुणाकारानं भागायचं, म्हणजे ६४ सेट. पुढचा सगळा गुंता या ६४ मध्ये आहे.

टाइल केलेला कोड असा होता:

```c
for (int ii = 0; ii < N; ii += T)
 for (int kk = 0; kk < N; kk += T)
  for (int jj = 0; jj < N; jj += T)
   for (int i = ii; i < ii + T; i++)
    for (int k = kk; k < kk + T; k++) {
      double a = A[i*LD + k];
      for (int j = jj; j < jj + T; j++)
        C[i*LD + j] += a * B[k*LD + j];
    }
```

`LD` म्हणजे मेमरीत एका ओळीपासून पुढच्या ओळीपर्यंतचं अंतर. सुरुवातीला ते `N` इतकंच. तिन्ही मॅट्रिक्स `aligned_alloc(64, ...)` नं घेतलेल्या. हे आवर्जून करावं. साध्या `malloc` नं मोठी जागा मागितली की पत्ता बहुधा पानाच्या सुरुवातीपासून १६ बाइट पुढे मिळतो. मग टाइलची २५६ बाइटची ओळ चारऐवजी पाच लाइनांवर पसरते आणि हिशेब जुळत नाही.

तुलनेसाठी घेतलेला विनाटाइल कोडही `i, k, j` याच क्रमाचा होता. त्याचा हिशेब सोपा आहे. B सरळ ओळीनं वाचली जाते, एका लाइनमध्ये ८ डबल मावतात, आणि आठ एमबीची B पुढच्या `i` ला कॅशेत उरलेली नसते. म्हणजे मिस १०२४ चा घन भागिले ८, सुमारे १३.४ कोटी. A आणि C चे मिळून त्यात तीन लाखांच्या आतच पडतात. सिम्युलेटरनंही तेवढंच दाखवलं.

आता टाइलचा हिशेब. ३२ × ३२ डबलची एक टाइल ८ केबीची, तीन टाइल २४ केबी, कॅशे ३२ केबीचा. पुस्तकात असंच शिकवतात आणि इथवर त्यात काही खोट नाही. B ची टाइल १२८ लाइनांची. ती एकदा आत आली की बत्तीसही `i` साठी वापरली जायला हवी. टाइलांच्या एकूण ३२ × ३२ × ३२ जोड्या, प्रत्येकीला १२८ मिस, म्हणजे B चे सुमारे ४२ लाख. C चे तेवढेच, A चे जास्तीत जास्त तेवढेच. एकूण ८४ लाख ते १.२६ कोटी यांच्या दरम्यान काहीतरी यायला हवं. प्रत्यक्षात आले १४ कोटींच्या वर.

कोड चुकलेला नव्हता. ते पटवण्यासाठी मी त्याला फक्त `N` आणि त्याच्याइतकंच `LD` बदलून दोन वेळा चालवायला सांगितलं: ९९२ आणि १०५६. दोन्ही बत्तीसच्या पटीतले, त्यामुळे कडेच्या अर्ध्या टाइलांचा प्रश्न नाही. एक १०२४ पेक्षा एक टाइल लहान, दुसरा एक टाइल मोठा. दोन्हीकडे मिस कोटीच्या आसपास, हिशेबात बसणारे. मोठ्या मॅट्रिक्सला कमी मिस आणि मधल्याच आकड्यावर दसपट, हे दिसलं की जागा अपुरी पडतेय ही शंका मिटते. लाइन कॅशेत कुठे जाऊन बसते हे पाहायचं.

लाइनला कॅशेत हवी ती जागा मिळत नाही. तिच्या पत्त्यावरून सेट ठरतो आणि त्या सेटमधल्या आठ जागांपैकीच एक तिला मिळते. सोलापूरच्या एसटी स्टँडवर फलाट मोकळे असले तरी गाडी तिच्या ठरलेल्या फलाटालाच लागावी, तसं हे आहे. १०२४ डबलची ओळ म्हणजे ८१९२ बाइट, म्हणजे १२८ लाइन. १२८ ला ६४ नं भागल्यावर बाकी शून्य. म्हणून B मध्ये एक ओळ खाली गेलं की पत्ता १२८ लाइनांनी पुढे सरकतो, पण सेट तोच राहतो. टाइलच्या बत्तीस ओळी, प्रत्येकीच्या चार लाइन, आणि सगळ्यांची धाव त्याच चार सेटवर. एका सेटसाठी ३२ लाइन, जागा ८. नववी आली की सर्वांत जुनी बाहेर. पुढच्या `i` ला पहिली ओळ परत लागते तोवर ती केव्हाच गेलेली असते. उरलेले साठ सेट जवळपास रिकामे पडून राहतात. म्हणून B चे मिस पुन्हा १०२४ चा घन भागिले ८ इतकेच, अगदी विनाटाइल कोडइतके, आणि वर A आणि C च्या टाइलांचे मिस. आकडा थोडा वाढलेला का दिसला, ते यातून कळतं.

१०५६ ला काय होतं ते आता त्यालाच काढता आलं. ८४४८ बाइट म्हणजे १३२ लाइन, बाकी ४. प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपासून बरोबर चार सेट पुढे सुरू होते, त्यामुळे १२८ लाइन ६४ सेटवर दोन-दोन अशा सारख्या वाटल्या जातात. ९९२ ला तेच, उलट्या दिशेनं.

उपाय `LD` मध्ये आहे, `N` ला हात लावायची गरज नाही. पहिल्यांदा त्यानं `-DLD=1025` करून पाहिलं, कारण एक रकाना वाढवा असा सल्ला सगळीकडे वाचायला मिळतो. तो सल्ला जीपीयूच्या शेअर्ड मेमरीसाठी ठीक आहे, तिथे बँक चार बाइटच्या शब्दागणिक बदलतात. इथे सेट बदलायला पूर्ण ६४ बाइट सरकावं लागतं. एका डबलनं ओळ फक्त आठ बाइट सरकते, म्हणजे बत्तीस ओळींत मिळून चार सेटसुद्धा पुरते नाहीत. मधल्या सेटवर अजूनही बत्तीसच लाइन येतात. मिस उतरायच्या ऐवजी आणखी थोडे वाढले, कारण ओळ आता बहुतेक वेळा चारऐवजी पाच लाइनांवर पसरते.

`-DLD=1032` केल्यावर काम झालं. आठ डबल म्हणजे बरोबर एक लाइन, ओळ झाली १२९ लाइनांची, बाकी १. टाइल आता पस्तीस सेटवर पसरते आणि एका सेटवर B च्या जास्तीत जास्त चारच लाइन येतात. A आणि C ची एका वेळी एकच ओळ लागते, तिला त्याच सेटमध्ये जागा उरते. मिस दसपटीनं उतरले. खर्च काय, तर प्रत्येक मॅट्रिक्समागे ६४ केबी जास्त मेमरी.

आकडे वाचताना दोन गोष्टी मुलांना परत परत सांगाव्या लागतात. एक, मिसची टक्केवारी पाहू नये, संख्या पाहावी. `-O3` दिलं की कंपायलर एका वाचनात दोन डबल उचलतो. एकूण वाचनं निम्मी होतात, मिस तेवढेच राहतात, आणि टक्केवारी दुप्पट झालेली पाहून कोड बिघडल्यासारखा वाटतो. दुसरी, `D1mr` आणि `D1mw` हे रकाने वेगळे वाचावेत. `C +=` मध्ये C आधी वाचली जाते, त्यामुळे तिचा मिस वाचनाच्या रकान्यात पडतो. लिहिण्याच्या रकान्यात जे चार लाखांच्या आसपास दिसतात ते मॅट्रिक्स सुरुवातीला भरतानाचे आहेत, गुणाकाराशी त्यांचा संबंध नाही. `cg_annotate` नं ओळीनुसार फोड पाहिली की हे लगेच कळतं, फक्त कंपाइल करताना `-g` हवं.

सिम्युलेटरवर किती भरवसा ठेवायचा? त्यात प्रीफेचर नाही आणि टीएलबीही नाही. म्हणून त्याच्या मिसवरून वेळेचं भाकीत करू नये. वेळ व्हर्च्युअल मशिनबाहेरच्या यंत्रावर वेगळी मोजावी. मात्र L1 मधली ही टक्कर खऱ्या प्रोसेसरवरही होते. ३२ केबी भागिले ८ म्हणजे ४ केबी, पानाच्या आकाराइतकंच. सेट ठरवणारे बिट पानाच्या आतलेच असल्यानं आभासी पत्ता घ्या की प्रत्यक्ष, सेट तोच येतो. L2 बाबत असं म्हणता येत नाही. आपल्या मशिनचे आकडे `getconf -a | grep CACHE` देतं. काही नव्या इंटेल प्रोसेसरांत L1 ४८ केबीचा, १२ जागांचा असतो; सेट तिथेही ६४च, म्हणजे बत्तीस लाइनांना बारा जागा आणि परत तेच रडगाणं.

शेवटी त्यानं विचारलं, मॅट्रिक्स दुसऱ्याच्या कोडमधून येत असेल आणि `LD` बदलताच येत नसेल तर? मग टाइल एका सलग बफरमध्ये उतरवून घ्यायची. ८ केबीचा सलग बफर ६४ही सेटवर दोन-दोन लाइन टाकतो, मूळ ओळीचं अंतर काहीही असो. ओपनब्लासही असंच करतं. त्यासाठी लूपचा क्रम बदलून `kk` आणि `jj` बाहेर, `ii` आत घ्यायचा, म्हणजे B ची एक टाइल एकदाच उतरवून १०२४ ही ओळींसाठी वापरता येते. उतरवताना B ची प्रत्येक लाइन एकदाच वाचली जाते आणि तिच्यातले आठही डबल लागोपाठ घेतले जातात, त्यामुळे तिथे सेटची टक्कर आड येत नाही. B चे सगळे मिळून १,३१,०७२ मिस, आणि ते `cg_annotate` मध्ये नक्कल करणाऱ्या ओळीपुढे वेगळे दिसतात.